चार गुणांचा फ्लोचार्ट

‘दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे तपासण्याचा अल्गोरिदम लिहा आणि फ्लोचार्ट काढा.’ महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकमध्ये सी प्रोग्रामिंग शिकलेल्या बहुतेकांनी हा किंवा याच जातीचा प्रश्न कधी ना कधी सोडवलेला असतो. प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तराला अर्धं-पाऊण पान पुरतं. आतलं गणित सहावी-सातवीच्या मुलालाही समजेल इतकं साधं आहे. तरीही ज्या विद्यार्थ्याला प्रोग्राम बऱ्यापैकी येतो, त्याचेही यात गुण जातात. ते प्रोग्रामिंगच्या अज्ञानामुळे क्वचितच जातात. बहुतेक वेळा कारण असं असतं, की जुने पेपर सोडवताना त्याने उत्तरं वाचलेली असतात, चालवून पाहिलेली नसतात.

जुने पेपर मिळवणं आता अवघड नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे आपलं एमएसबीटीई, उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांबरोबर त्यांची मॉडेल आन्सर्सही उपलब्ध करून देतं. त्यामुळे मुलांच्या हातात प्रश्न आणि उत्तर एकदमच येतं, आणि गडबड तिथेच सुरू होते. समोर तयार उत्तर असलं की डोळा त्यावरून फिरतो, सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पुढचा प्रश्न घेतला जातो. परीक्षेत मात्र प्रश्न थोडा फिरवून येतो. ‘1 ते 100 मधल्या सम संख्या छापा’च्या जागी ‘सम संख्यांची बेरीज करा’ असं येतं, आणि पाठ केलेलं चित्र अर्ध्यात अडतं.

मॉडेल आन्सरच्या पहिल्या पानावर परीक्षकांसाठी सूचना छापलेल्या असतात. मुलं ते पान उलटून पुढे जातात, पण माझ्या मते सगळ्यात आधी तेच वाचावं. उत्तर शब्दाला शब्द जुळवून तपासायचं नाही, त्यातले मुख्य शब्द पाहायचे, असं तिथे सांगितलेलं असतं. आकृती मॉडेल आन्सरपेक्षा वेगळी असू शकते, तिच्यातले मुख्य भाग बरोबर असतील तर गुण द्यावेत, असंही असतं. प्रोग्रामिंगच्या पेपरात तर त्याच कल्पनेवर बेतलेला दुसरा कोणताही प्रोग्राम चालतो. याचा अर्थ असा, की तुमचा फ्लोचार्ट छापील फ्लोचार्टसारखा दिसण्याची गरजच नाही. तो बरोबर चालतो का, आणि चालण्यासाठी लागणारा प्रत्येक भाग त्यात आहे का, एवढंच महत्त्वाचं. मग पाठांतराला कारणच उरत नाही. आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे स्वतःला ओळखता येणं मात्र भाग आहे.

ते कसं ओळखायचं, हे मूळ संख्येच्याच प्रश्नावर पाहू. परीक्षेत लिहायचं उत्तर साधारण असं असेल:

```
Step 1: Start
Step 2: Read n
Step 3: Set i = 2, flag = 0
Step 4: If i > n/2, go to Step 7
Step 5: If n % i == 0, set flag = 1
        and go to Step 7
Step 6: Set i = i + 1, go to Step 4
Step 7: If n > 1 and flag == 0
        print "Prime"
        else print "Not prime"
Step 8: Stop
```

यात `n % i` म्हणजे n ला i ने भागल्यावर उरणारी बाकी. बाकी शून्य आली तर भाग गेला आणि संख्या मूळ नाही हे ठरलं. `flag` ही फक्त एक खूण आहे. सुरुवातीला ती शून्य असते आणि एखाद्या संख्येने भाग गेला की एक होते. i हा 2 पासून सुरू होऊन n च्या निम्म्यापर्यंत जातो, कारण n च्या निम्म्याहून मोठ्या संख्येने n ला भाग गेलाच, तर तो फक्त स्वतः n नेच जातो.

अल्गोरिदम असा नीट लिहिलेला असला की फ्लोचार्ट जवळजवळ त्यातूनच निघतो. पहिली आणि शेवटची पायरी लंबगोलात जाते. वाचणं आणि छापणं समांतरभुज चौकोनात, किंमत ठेवणं आणि वाढवणं आयतात, आणि प्रश्न विचारणारी प्रत्येक पायरी शंकरपाळ्याच्या आकाराच्या डायमंडमध्ये. जिथे जिथे ‘go to’ लिहिलंय, तिथे बाण. वरच्या उत्तरात 4, 5 आणि 7 या पायऱ्यांत ‘If’ आहे, म्हणून चित्रात तीन डायमंड हवेत. प्रत्येक डायमंडमधून दोन वाटा निघतात, म्हणजे होय किंवा नाही असं लिहिलेले एकूण सहा बाण हवेत. पाचव्या पायरीत ‘होय’च्या वाटेवर आणखी एक आयत लागतो, `flag = 1` चा, आणि तिथला बाण थेट सातव्या पायरीच्या डायमंडकडे जातो. सातव्याच्या दोन्ही वाटांवर छापण्याचा एकेक समांतरभुज चौकोन येतो आणि दोघेही शेवटी ‘Stop’पाशी मिळतात. वर परत जाणारा बाण एकच आहे. तो सहाव्या पायरीतून चौथ्याकडे जातो.

हे मोजून पाहणं, म्हणजे किती डायमंड, किती बाण आणि परत जाणारे किती, ही फ्लोचार्टची पहिली तपासणी आणि तिला अर्धं मिनिटही लागत नाही. सहाऐवजी पाचच बाणांवर होय-नाही लिहिलेलं असेल तर एक वाट अनाम राहिली. परीक्षकाला ती कुठली हे अंदाजाने ठरवावं लागेल, आणि तो तसा अंदाज का बांधेल? अल्गोरिदम आणि फ्लोचार्ट दोन्ही विचारलेले असताना मुलं बरेचदा फ्लोचार्ट आधी काढतात आणि मग त्यावरून पायऱ्या लिहितात. मी उलटा क्रम सुचवेन. अल्गोरिदम खोडून दुरुस्त करता येतो. फ्लोचार्टमध्ये एक चौकट विसरली तर अर्धं चित्र पुन्हा काढावं लागतं.

चिन्हांचे हे आकार कुणा एका पुस्तकाने ठरवलेले नाहीत. त्यांच्यासाठी ‘आयएसओ 5807’ हे 1985 सालचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. प्रवाह वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे हे त्यात गृहीत धरलेलं आहे, म्हणून उलट दिशेने जाणाऱ्या रेषेला बाणाचं टोक लागतंच. परीक्षेत मी प्रत्येक रेषेला टोक काढायला सांगेन, म्हणजे शंका उरत नाही. चित्र पान उलटून पुढे जात असेल तर छोट्या वर्तुळात ‘A’ लिहून पुढच्या पानावर त्याच ‘A’ने सुरुवात करावी. चौकटीत `scanf` किंवा `int i;` लिहू नये, कारण फ्लोचार्ट कुठल्याही एका भाषेचा नसतो. ‘Read n’ पुरतं आणि घोषणेला चौकट लागतच नाही. चिन्हांबद्दल एवढं कळलं तरी काम भागतं.

खरं काम यानंतरचं आहे आणि त्याला वर्गात ड्राय रन म्हणतात. कागदावर एक संख्या घ्यायची, पेन्सिलचं टोक ‘Start’वर ठेवायचं आणि बाणांनी नेलं तसं जायचं. प्रत्येक चौकटीत चलांच्या किमती काय झाल्या ते बाजूला लिहीत राहायचं. n ला 9 घेतलं तर i 2 असताना बाकी 1 येते, म्हणून पुढे. i 3 झाला, बाकी शून्य, `flag` 1 झाला आणि उत्तर ‘Not prime’. बरोबर. n ला 7 घेतलं तर 7 चं निम्मं 3.5, पूर्णांकात 3. i 2 आणि 3 ला भाग जात नाही, 4 झाल्यावर निम्म्याच्या पुढे गेला, `flag` शून्यच राहिला आणि उत्तर ‘Prime’.

इथे एक नेहमीची चूक सांगतो, कारण या प्रश्नात इतकी दुसरी कुठलीच दिसत नाही. पाचव्या पायरीच्या डायमंडला ‘होय’च्या वाटेवर ‘Not prime’ आणि ‘नाही’च्या वाटेवर लगेच ‘Prime’ जोडलं जातं. दिसायला चित्र अगदी सुबक असतं आणि 7 किंवा 8 घालून पाहिलं तर उत्तरही बरोबर येतं. 9 घाला. i 2 असताना बाकी 1 आली, ‘नाही’ची वाट, आणि फ्लोचार्टने 9 ला मूळ संख्या ठरवलं. एका संख्येने भाग गेला तर निर्णय तिथेच होतो, पण एका संख्येने भाग न गेल्याने काहीच ठरत नाही. सगळ्यांनी तपासून झाल्याशिवाय ‘Prime’ म्हणता येत नाही. `flag` ठेवायचा तो यासाठीच, आणि ‘Prime’ची चौकट लूपच्या बाहेर हवी तीही यासाठीच. ही गोष्ट समजलेल्या मुलाला ‘यादीत दिलेली संख्या आहे का ते शोधा’ हा प्रश्न नवा वाटत नाही. तिथेही संख्या सापडली की लगेच थांबता येतं, पण ‘सापडली नाही’ हे यादी संपल्यावरच म्हणता येतं.

ड्राय रनसाठी कोणती संख्या घ्यायची, यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो. आधी अशा संख्या निवडाव्यात, की डायमंडमधून निघणाऱ्या प्रत्येक वाटेने आपण निदान एकदा गेलो असू. वरच्या उत्तरात 7 आणि 9 या दोघांत सगळ्या वाटा चालून होतात. पण तेवढ्यावर थांबू नये. समजा एखाद्याने चौथ्या पायरीत `i > n/2` ऐवजी `i >= n/2` लिहिलं. फरक एका चिन्हाचा. 7 घेऊन पाहा, उत्तर बरोबर. 9, 15, 20, 100, सगळी उत्तरं बरोबर. आता 4 घ्या. 4 चं निम्मं 2, i ही 2, अट पहिल्याच फेरीत पुरी झाली, भाग घालून पाहिलाच नाही आणि 4 मूळ संख्या ठरली. गंमत अशी, की या चुकीमुळे फक्त 4 चंच उत्तर चुकतं. 4 पेक्षा मोठ्या कुठल्याही संयुक्त संख्येचा सगळ्यात लहान विभाजक तिच्या निम्म्याच्या आधीच सापडतो. म्हणजे वाटेल तशा मोठ्या संख्या घेऊन कितीही वेळ तपासलं तरी ही चूक हाती लागणार नाही, आणि अगदी काठावरच्या 4 ने मात्र ती लगेच पकडली जाईल.

असेच काठ 1 आणि 2 चे. 1 ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण सातव्या पायरीतली `n > 1` ही अट काढून टाकली तर लूप एकदाही चालत नाही, `flag` शून्यच राहतो आणि 1 ला ‘Prime’चं प्रमाणपत्र मिळतं. 2 चं निम्मं 1, म्हणजे तिथेही लूप चालत नाही, पण 2 साठी ‘Prime’ हे उत्तर बरोबर आहे. मूळ संख्येच्या प्रश्नाला म्हणून मी 1, 2, 4, 7 आणि 9 अशा पाच संख्या घालून पाहायला सांगतो. काही मुलं i ला निम्म्याऐवजी वर्गमुळापर्यंतच नेतात, `i*i <= n` अशी अट घालून. ते बरोबरच आहे आणि काम खूप कमी होतं. पण तिथे ‘किंवा बरोबर’ सुटलं तर 4, 9, 25, 49 असे मूळ संख्यांचे वर्ग चुकतात. तेव्हा त्यांच्या यादीत 25 ही हवा.

लीप वर्षाचा प्रश्न याच कारणासाठी फार चांगला सराव आहे. 4 ने भाग जातो का, 100 ने जातो का, 400 ने जातो का, असे तीन डायमंड एकाखाली एक येतात आणि शेवटापर्यंत जाण्याच्या वाटा चार होतात. 2023, 2024, 1900 आणि 2000 ही चार वर्षं त्या चार वाटांवरून एकेकदा जातात. फक्त 2024 आणि 2023 घालून पाहणाऱ्याचा फ्लोचार्ट 1900 ला लीप वर्ष म्हणतोय हे त्याला कधीच कळत नाही.

जुने पेपर एकत्र घेऊन बसलं की थोड्याच वेळात लक्षात येतं, की प्रश्न भरपूर दिसले तरी त्यांचे साचे मोजकेच आहेत. दोन संख्यांची बेरीज किंवा क्षेत्रफळ, यात डायमंडच नाही. 5 ने भाग जातो का, तीन संख्यांत मोठी कोणती, यात डायमंड आहे पण परत जाणारा बाण नाही. सम संख्या, बेरीज, फॅक्टोरियल, यात मोजत जाणारा लूप आहे. संख्येतले अंक सुटे करायचे प्रश्न हा वेगळा साचा. आणि मूळ संख्येसारखा, शोधता शोधता मध्येच थांबणारा लूप हा आणखी एक. माझा आग्रह असा, की पेपर सालाप्रमाणे सोडवू नयेत, साच्याप्रमाणे सोडवावेत. एका साच्यातले तीन-चार प्रश्न लागोपाठ केले की काय तसंच राहतं आणि काय बदलतं ते हाताला कळायला लागतं.

सम संख्यांचाच साचा घ्या. i 1 पासून सुरू, 100 च्या पुढे गेला का हा एक डायमंड, सम आहे का हा दुसरा, सम असेल तर छापा, मग i एकने वाढवा आणि परत. इथे चूक होते ती i वाढवण्याच्या चौकटीच्या जागेची. ‘होय’च्या वाटेवर छापणं आणि त्याखाली i वाढवणं, आणि ‘नाही’चा बाण सरळ वर पहिल्या डायमंडकडे, असं काढलं तर i 1 वर असतानाच सगळं अडतं. 1 विषम आहे, म्हणून वाढवण्याची चौकट कधीच येत नाही, आणि पेन्सिल त्याच दोन डायमंडमध्ये फिरत राहते. पहिल्याच फेरीच्या ड्राय रनमध्ये ही चूक दिसते. दोन्ही वाटा वाढवण्याच्या चौकटीआधी एकत्र आल्या पाहिजेत. ‘सम संख्यांची बेरीज’ आली की छापण्याच्या जागी `sum = sum + i` येतं, सुरुवातीला `sum = 0` ची भर पडते, आणि छापण्याची चौकट लूपच्या बाहेर, शेवटी जाते. बाकी चित्र तेच.

अंक सुटे करण्याच्या साच्यात एक सापळा आहे आणि तो फक्त एका प्रश्नातून दुसऱ्यात जाताना दिसतो. ‘संख्या उलटी करा’ हा प्रश्न बहुतेकांना येतो. 10 ने भागून बाकी काढायची, `rev = rev * 10 + r` करायचं, n ला 10 ने भागून शेवटचा अंक टाकून द्यायचा आणि n शून्य होईपर्यंत हेच. त्यानंतर पॅलिंड्रोमचा प्रश्न येतो, म्हणजे संख्या उलटसुलट सारखी आहे का. विद्यार्थी तेच चित्र काढतो आणि शेवटी `rev == n` असा डायमंड जोडतो. 121 घालून पाहू. पहिल्या फेरीनंतर `rev` 1 आणि n 12. दुसऱ्या फेरीनंतर `rev` 12 आणि n 1. तिसऱ्या फेरीनंतर `rev` 121, आणि n शून्य. आता तुलना 121 ची शून्याशी होते. हा फ्लोचार्ट शून्याशिवाय जगातल्या कुठल्याच संख्येला पॅलिंड्रोम म्हणणार नाही. उपाय एका चौकटीचा आहे: n वाचल्यावर लगेच `m = n` करून ठेवायचं आणि शेवटी `rev` ची तुलना m शी करायची. आर्मस्ट्राँग संख्येच्या प्रश्नातही हीच चौकट लागते. दोन्ही उत्तरं नुसती वाचली तर `m = n` ही ओळ डोळ्यांना किरकोळ वाटते. ती का आहे हे कळायला ती न लिहिता एकदा ड्राय रन करावा लागतो.

वेळेचंही थोडं बोलायला हवं. या मंडळाचा लेखी पेपर 70 गुणांचा आणि तीन तासांचा असेल, तर एका गुणाला अडीच मिनिटं येतात आणि चार गुणांच्या प्रश्नाला दहा. त्यातली चार मिनिटं अल्गोरिदमला, चार फ्लोचार्टला आणि दोन ड्राय रनला, अशी वाटणी मी सुचवतो. घरी सराव करताना मॉडेल आन्सर बंद ठेवून, घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर पूर्ण उत्तर लिहावं. मग काठावरच्या संख्या घालून ते स्वतः तपासावं, आणि त्यानंतरच छापील उत्तर उघडावं. तेव्हा छापील उत्तराकडे बघण्याचा हेतूही बदलतो. आपलं आणि त्यांचं चित्र सारखं आहे का हे बघायचं नसतं. आपण घेतलेल्या संख्या त्यांच्या चित्रातून पाठवायच्या आणि तीच उत्तरं येतात का ते पाहायचं. दोन वेगळी चित्रं पाचही संख्यांना तीच उत्तरं देत असतील आणि आपल्यात एकही वाट अनाम नसेल, तर आपलं उत्तर बदलू नये. उत्तरं वेगळी आली, तर ज्या संख्येला फरक पडला ती वहीत त्या प्रश्नाशेजारी लिहून ठेवावी. अशी वही महिन्याभरात तयार होते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तीच उघडावी, कारण तिच्यात ‘पॅलिंड्रोम: 121’, ‘मूळ संख्या: 4’, ‘लीप वर्ष: 1900’ असं लिहिलेलं असतं आणि प्रत्येक संख्येमागे एकेक चुकलेली चौकट असते.